स्वप्नातली म्हातारी विचारते, "आज तिथ कंची गो?"

ओलीवाट | सोमवार, रात्री ११:५०

बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकून वेगळ्या विभागात पडला असेल तर हलवा.

वय ४६, राहणार ऐरोली. एका मालवाहतूक कंपनीत हिशेब विभाग सांभाळते. महिन्यापूर्वी हैदराबादला बढतीवर जायचं विचारलंय. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. घरी आई आहे, वय ७६. मी एक्सेलमध्ये फायदे-तोट्यांचा तक्ता केलाय, प्रत्येक मुद्द्याला गुण दिलेत, आणि रोज रात्री ते गुण बदलत बसते. हो ५२, नाही ५१. दुसऱ्या दिवशी उलट.

परवा पहाटे हे स्वप्न पडलं. उठल्या उठल्या लिहून ठेवलं, तसंच देते.

खाडी. ओहोटी लागलेली, सगळा काळा चिखल. एक होडी चिखलात रुतलीय आणि मी ऑफिसच्या कपड्यांत ती ढकलतेय. चप्पल कधीच आत गेलीय. होडी हलत नाही. बाजूला दगडावर एक म्हातारी बसलीय, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात पाटी. पाटीवर ओलं फडकं, आत काय ते दिसत नाही. ती बराच वेळ बघत राहते आणि विचारते, "आज तिथ कंची गो बाय?" मी खिशातून मोबाइल काढते. त्यावर वेळ दिसते, तारीख दिसते, तिथी नाही. ती हसते. चेष्टेचं नाही, पण हसते. म्हणते, "मंग बस." मी होडीच्या काठावर बसते. लांबून पाण्याचा आवाज येतोय असं वाटतं आणि जाग येते.

उठल्यावर इतकं हलकं वाटलं की रडू आलं. मैत्रीण म्हणाली, मानसशास्त्रज्ञ युंगच्या भाषेत ही आतली मार्गदर्शक, ती सांगतेय बस, म्हणजे जाऊ नकोस. तसंच आहे का? शुक्रवार जवळ आलाय.

सौ_नेरुळ | मंगळवार, सकाळी ७:१०

स्वप्नात म्हातारी बाई दिसणं शुभ की अशुभ? माझ्या जावेलाही दिसली होती. पाटीत मासे होते का? जिवंत होते का?

दत्तदासी | मंगळवार, सकाळी ८:२५

ताई, दृष्टांत आहे हा. कुंकू, नऊवारी, आणखी काय हवं? आई एकवीरा कोळ्यांचीच कुलदेवता. ती "बस" म्हणाली म्हणजे बसायचं. आपल्याकडे तुकोबांनाही गुरू स्वप्नातच भेटले, त्यासाठी युंगकडे कशाला जायचं? कार्ल्याला जाऊन ओटी भरून या.

बॅटरीडाऊन | मंगळवार, सकाळी ९:४०

१९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं होतं की झोपेत मेंदूच्या देठाकडून उलटसुलट संदेश वर जातात आणि वरचा मेंदू त्यांची गोष्ट जुळवतो. तुम्ही महिनाभर एकच गोष्ट घोळवताय, खाडी रोज पुलावरून दिसते, झाली गोष्ट तयार. एवढ्यावर हैदराबाद ठरवू नका. आणि फार स्वप्नांच्या मागे लागलात तर आमच्या ठाण्यात सोय आहेच, १९०१ पासून. (विनोद आहे, चिडू नका.)

मनतरंग | मंगळवार, दुपारी १:०५

युंगचं मी बरंच वाचलंय. पुरुषाला म्हातारा दिसतो, बाईला म्हातारी. ती म्हणजे आपलंच उच्च रूप, त्यामुळे तिचं ऐकलं की निर्णय चुकत नाही. युंगला स्वतःलाही असा गुरू होता, फिलेमॉन नावाचा. एक भारतीय साधू त्याला भेटला, त्याने गुरू-शिष्य परंपरा समजावली आणि त्यातून युंगला फिलेमॉन दिसायला लागला. म्हणजे मूळ कल्पना आपलीच. तुमची म्हातारी सांगतेय, जाऊ नका. स्पष्ट आहे.

शेतघर | मंगळवार, रात्री १०:३०

माझा अनुभव सांगतो, मग ठरवा. २०१४ साली माझे आजोबा स्वप्नात आले. पांढरं धोतर, हातात काठी. आमच्या वाड्यातल्या झोपाळ्यावर बसलेले. मला म्हणाले, "घे." एवढंच. त्या आठवड्यात मी कर्जतकडे एक प्लॉट बघून आलो होतो. मी म्हटलं, झालं, आजोबांचा आशीर्वाद. सातबारा बघितला, पण बिगरशेतीचा आदेश आहे की नाही हे विचारलंच नाही. विकणारा म्हणाला, होईल, मी म्हटलं होईल. अजून झालेला नाही. पैसे अडकले ते अडकलेच. भावाशी बोलणं बंद झालं, कारण निम्मे पैसे त्याचे.

आजोबा खोटं बोलले असं मला अजूनही म्हणवत नाही. पण "घे" म्हणजे काय घे, हे मी विचारलं नाही.

जुनाफळा | मंगळवार, रात्री ११:५५

तीस वर्षं ठाण्यात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. युंगच्या पद्धतीने स्वप्नं बघणाऱ्या एका बाईंकडे मी स्वतः सहा वर्षं जात होतो. त्यामुळे थोडं लांब लिहितो.

आधी मनतरंग यांची एक दुरुस्ती, कारण त्या गोष्टीतली गंमत क्रमातच आहे. फ्रॉइडशी संबंध तुटल्यावर, १९१३च्या अखेरीपासून, युंग मुद्दाम स्वतःच्या मनात उतरू लागला. आधी त्याला एक दाढीवाला म्हातारा दिसला, एलिया, आणि त्याच्यासोबत सलोमी नावाची आंधळी तरुणी. म्हणजे एकटा म्हातारा नव्हताच. फिलेमॉन त्यातून पुढे आला, आणि तो आला स्वप्नात. समुद्रासारखं निळं आकाश, त्यात मातीची ढेकळं, आणि पंख असलेला, बैलासारखी शिंगं असलेला एक म्हातारा. हातात चार किल्ल्यांचा जुडगा, त्यातली एक कुलूप उघडायच्या तयारीत धरलेली. पंख खंड्या पक्ष्याचे. युंगने त्याचं चित्र काढायला घेतलं आणि त्याच दिवसांत त्याला तळ्याकाठच्या बागेत मेलेला खंड्या सापडला. झुरिकच्या परिसरात तो पक्षी फार क्वचित दिसतो.

भारतीय गृहस्थ आले ते पंधराहून जास्त वर्षांनी. गांधीजींच्या परिचयातले, वयस्क, सुसंस्कृत. बोलता बोलता युंगने त्यांना विचारलं, तुमचे गुरू कोण? ते सहज म्हणाले, शंकराचार्य. युंग चकित, ते तर शेकडो वर्षांपूर्वी गेले! गृहस्थ म्हणाले, हो, तेच. बहुतेकांचे गुरू जिवंत असतात, काहींचे असे असतात. युंगला त्या वेळी फिलेमॉन आठवला आणि हायसं वाटलं. भारतीयाने त्याला फिलेमॉन दिला नाही. आपण वेडे झालेलो नाही, एवढा दिलासा दिला. बॅटरीडाऊन, तुमचा ठाण्याचा विनोद त्याला नेमका कळला असता, कारण त्या काळात त्याला स्वतःबद्दल तीच भीती होती.

आता ओलीवाट, तुमचं स्वप्न. त्यातल्या एका गोष्टीकडे अजून कुणी पाहिलेलं नाही. म्हातारीने तुम्हाला उत्तर दिलेलं नाही. प्रश्न विचारलाय.

परीकथांमधल्या म्हाताऱ्यावर युंगचा एक मोठा निबंध आहे. त्यात एस्टोनियाची एक गोष्ट येते. एका अनाथ पोराच्या हातून गाय हरवते. मार बसेल म्हणून तो पळून जातो, दमून झोपतो. जाग येते तर तोंडात काहीतरी ओतल्यासारखं वाटतं, समोर लांब दाढीचा एक म्हातारा दुधाची बाटली बंद करतोय. म्हातारा आधी सगळं विचारून घेतो आणि मग म्हणतो, आता मागे जाता येणार नाही, पुढेच जायला हवं. युंगचं म्हणणं असं की म्हाताऱ्याने सांगितलं ते पोराला स्वतःलाही सुचलं असतं. तो नुसता घाबरून पळत सुटला होता, थांबून विचार त्याने केलाच नव्हता. म्हातारा म्हणजे तो न केलेला विचार, माणसाच्या रूपात समोर आलेला. आणि तो येतो कधी, तर जोर संपल्यावर.

म्हणून "बस म्हणजे जाऊ नकोस" ही मला घाई वाटते. तीच घाई शेतघर यांच्याकडून झाली. स्वप्न क्रियापद देतं आणि कर्म आपण आपल्या सोयीने भरतो.

तुम्हाला तीन गोष्टी विचारतो. सवडीने सांगा, पण शब्दकोशातून नको, तुमच्याच आठवणीतून. अशी म्हातारी प्रत्यक्षात कधी पाहिली होती का? "तिथी" म्हटल्यावर काय आठवतं? आणि तुमच्या घरात कॅलेंडर न बघता आजची तिथी कोण सांगू शकतं?

मनतरंग | बुधवार, सकाळी ८:०५

क्रमाची चूक मान्य. पण बाईला म्हातारी, पुरुषाला म्हातारा हे तर युंगच्याच शिष्येने लिहिलंय.

जुनाफळा | बुधवार, सकाळी ८:४०

लिहिलंय, आणि ठोकताळा म्हणून ठीक आहे. पण माझ्या स्वप्नांत सहा वर्षांत एकही म्हातारा आला नाही. एक तिकीट कलेक्टर बाई यायची. ठोकताळ्यासाठी तिला मिशा लावू का?

नाखवा_चेंदणी | बुधवार, सकाळी ११:२०

मी युंग वाचलेला नाही, पण खाडी वाचलीय. आमचं घर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, वडिलांची होडी होती.

तुमच्यापैकी कुणाला तिथीचं कळलंच नाही असं दिसतं. म्हातारी पूजेसाठी तिथी विचारत नाहीये. ती पाणी कधी येणार ते विचारतेय! तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे धरा बाराच्या आत-बाहेर. कृष्णपक्षातही पुन्हा प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. दिवसातून दोनदा, दिवसा तशीच रात्री. हा अंदाज झाला, आणि तो मुंबई बंदराचा. ठाण्याकडे आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, वारा-पावसाचं वेगळंच. पण घड्याळ नसताना याच्यावर होड्या सुटायच्या.

दुसरं असं की रुतलेली होडी ढकलायची नसते. पाठ मोडते आणि होडी आणखी बसते. पाणी आलं की ती आपली आपण उचलली जाते, तेव्हा बोटभर धक्का पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी चढतं खूप. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी. भरतीला वर नेलेली होडी भांगात अडकली तर चार-पाच दिवससुद्धा थांबावं लागतं. म्हणून तिथी. "बस" म्हणजे पाणी येईपर्यंत बस. घरी जा असं ती म्हणत नाहीये.

ओलीवाट | बुधवार, रात्री ११:१५

नाखवादादा, ऑफिसमध्ये जेवताना तुमचं वाचलं आणि अंगावर काटा आला. हे गणित मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते.

जुनाफळा सर, तुमचे प्रश्न.

म्हातारी. माझं लहानपण चेंदणीतच गेलं, चाळीत, स्टेशनच्या आवाजात. सहावीत असताना घर सोडलं. दारावर एक मासेवाली यायची, नाव आठवत नाही. आई तिच्याशी वाट्यावरून घासाघीस करायची आणि ती हसायची. हसणं तेच. पण ती म्हातारी नव्हती, आईच्याच वयाची होती. स्वप्नातली खूप म्हातारी होती.

तिथी. काहीच नाही. हिशेबात तारीख असते. तिथी म्हटलं की मला थोडी चीडच येते, कारण तिथीने वाढदिवस करायचा म्हणून घरी वाद व्हायचे.

घरात तिथी कोण सांगू शकतं. आई. झोपेतून उठवलं तरी सांगेल.

हे टाइप करून पाच मिनिटं नुसती बसले होते.

बॅटरीडाऊन | गुरुवार, सकाळी ९:१५

खडूसपणा करायचा नाही, पण चेंदणीत राहिलात म्हणजे ते गणित लहानपणी कानावर पडलं असणार. विसरलात, आणि मेंदूने वर काढलं. अद्भुत वगैरे काही नाही.

जुनाफळा | गुरुवार, सकाळी १०:००

अगदी शक्य आहे. युंगने स्वतःच १९०५ साली अशा विसरलेल्या आठवणींवर लेख लिहिला होता. पण त्याने त्याचं काम थांबलं नाही. पोतडीत काय काय आहे हा एक प्रश्न, आणि आजच, याच बाईला, यातली हीच वस्तू वर का आली हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर देताय. दुसरं अजून उभंच आहे. महिनाभर घड्याळाच्या वेळेवर होडी ढकलणाऱ्या बाईला स्वप्न दुसरंच कालमापन दाखवतं. जागेपणी जी बाजू फार उचलली गेलीय, तिच्या विरुद्ध पारड्यात ते काहीतरी टाकतं. मला एवढंच म्हणायचंय. ते ईश्वरी आहे असं नाही म्हणत.

दत्तदासी, तुम्ही तुकोबांचं काढलंत ते बरं केलंत. त्या अभंगात एक जागा मला कायम थांबवते. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात आणि जेवायला पावशेर तूप मागतात. तुकोबा म्हणतात, स्वप्नात त्याचा विसर पडला. मंत्र मिळाला, बाबाजी हे नाव कळलं, माघ शुद्ध दशमी गुरुवार ही तिथीसुद्धा नोंदली, पण तूप राहिलं. बनवून सांगायचं असतं तर कुणीही तूप गाळलं असतं. आपल्या हातून काही राहिलं याची रुखरुख त्यांनी लपवली नाही. अशी अडनिडी, आपल्याला जरा लहान करणारी गोष्ट स्वप्नात शिल्लक असेल तर माझा त्यावर विश्वास वाढतो.

ओलीवाट यांच्या स्वप्नात ती गोष्ट म्हणजे मोबाइल. म्हातारी त्यांना हसली. हे महत्त्वाचं आहे, कारण आतल्या मार्गदर्शकाचा सगळ्यात मोठा धोका उलट्या दिशेने असतो. स्वप्नातून उठल्यावर माणूस फुगतो. आता मला कळतं, मला निवडलंय, मी लोकांना सांगायला हवं. युंगने यावर १९२८च्या सुमारास सविस्तर लिहिलंय. ज्ञानी म्हातारा दिसणं वेगळं आणि आपण ज्ञानी म्हातारा होऊन बसणं वेगळं. आपल्या आसपास असे पुष्कळ बसलेत, नावं घेत नाही. या म्हाताऱ्यांना काळी बाजूही असते. परीकथांत तोच म्हातारा जादूगार होऊन पोरांना कोंडून ठेवतो. त्यामुळे "तिचं ऐकलं की निर्णय चुकत नाही" हे मला पटत नाही. ऐकायचं, आणि मग आपण आपलं उत्तर द्यायचं.

दत्तदासी | गुरुवार, सकाळी ११:३०

तूप विसरल्याची जागा मला माहीत होती, पण अशी कधी वाचली नव्हती. तरी सर, तुम्ही सगळं मनातच ठेवता. तुकोबांना बाबाजी खरे भेटले की मनातले? एकदा स्पष्ट बोला ना.

जुनाफळा | गुरुवार, दुपारी १२:१०

मला माहीत नाही. युंगनेही त्या गृहस्थांना शंकराचार्य खरे की मनातले यावर वाद घातला नाही. फिलेमॉनबद्दल तो एवढंच म्हणतो की त्याच्या तोंडून मला अशा गोष्टी कळल्या ज्यांचा मी विचार केलेला नव्हता. विचार हे रानातल्या प्राण्यांसारखे असतात, ते आपण बनवत नाही, असं फिलेमॉनने त्याला सांगितलं. तुमच्या शब्दांत तो सद्गुरू. मी त्या शब्दापर्यंत पोचत नाही, हा माझा तोटा असू शकेल.

शेतघर | गुरुवार, दुपारी २:४५

मग माझे आजोबा कोण होते? खरे की मनातले?

जुनाफळा | गुरुवार, दुपारी ४:२०

आपल्या जवळचं, गेलेलं माणूस आलं तर आधी ते तेच माणूस धरून बघायचं. त्यांचं तुमच्याशी काही राहिलं होतं का? भावाभावांत वाटणीचं काही? मी न भेटता जास्त बोलणार नाही. फक्त एक. ते झोपाळ्यावर, म्हणजे तुमच्या वाड्यात बसले होते. कर्जतला नव्हते.

शेतघर | गुरुवार, रात्री ९:०५

वाड्यातला हिस्सा भावाने मला देऊ केला होता, त्याच महिन्यात. मी नको म्हणालो होतो.

आता यावर काही लिहिवत नाही.

सौ_नेरुळ | गुरुवार, रात्री ९:३०

ओलीवाट ताई, स्पष्ट विचारू का? आईला हैदराबादचं सांगितलंय का तुम्ही?

ओलीवाट | गुरुवार, रात्री १०:१०

नाही.

म्हणजे तक्त्यात आईच्या नावावर सात ओळी आहेत. औषधं, डॉक्टर, पायऱ्या, शेजार. तिला मात्र विचारलेलं नाही. ठरलं की सांगू म्हटलं होतं.

मनतरंग | गुरुवार, रात्री १०:४०

म्हणजे म्हातारी म्हणजे आईच. सगळ्यांच्या मनात असणारं आद्यबिंब वगैरे काही नाही, सरळ आई.

नाखवा_चेंदणी | गुरुवार, रात्री ११:००

आई नऊवारी खोचून चिखलात बसते का? 😄

जुनाफळा | शुक्रवार, सकाळी ७:३०

दोघांचंही पूर्ण पटत नाही. तिथी आईकडून आली, हसणं मासेवालीकडून, आणि वय कुणाकडूनच नाही. ते जास्तीचं वय कुठून आलं, तिथे युंग सुरू होतो. पण हे मी पुराव्याने सिद्ध करू शकत नाही. पाटीतल्या फडक्याखाली काय होतं तेही आपल्याला माहीत नाही, आणि एका स्वप्नावर मी इतकंच बोलेन. खरं काय ते पुढच्या पाच-दहा स्वप्नांत कळतं.

ओलीवाट | शनिवार, दुपारी ३:००

काल पाच वाजता मी हो किंवा नाही कळवलं नाही. पंधरा दिवस मागितले. साहेब नाराज झाले, पण दिले.

त्याआधी गुरुवारी रात्रीच आईला सांगितलं. ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कळलं होतं. तू रात्री कॉम्प्युटरवर माझं नाव टाइप करतेस ते दिसतं." आणि मग म्हणाली की तिला हैदराबादला यायचं नाही, पण मी इथे राहावं अशीही तिची अट नाही. डोंबिवलीला मावशीकडे सहा महिने राहून बघायची तिची कधीपासूनची इच्छा आहे, मी नाही म्हणेन म्हणून बोलली नव्हती. ही ओळ माझ्या तक्त्यात नव्हतीच. आता गुण कसे द्यायचे?

सर, मैत्रीण म्हणते जागेपणी डोळे मिटून त्या म्हातारीला बोलवायचं आणि फडक्याखाली काय आहे ते विचारायचं. युंग असं करायचा म्हणे. करू का?

जुनाफळा | शनिवार, संध्याकाळी ६:१५

करायचा. पण तो जे करायचा ते स्वप्नरंजनापेक्षा वेगळं होतं. कागद-पेन घेऊन बसायचं, स्वप्न जिथे संपलं ते दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे आणायचं आणि ते आपण न हलवता थांबायचं. काही हललं तर लिहायचं. ती काही म्हणाली तर तुम्ही स्वतः, हिशेब विभागाच्या बाई म्हणून, तिला उत्तर द्यायचं. पटलं नाही तर नाही म्हणायचं. तुम्हाला हवं तेच ती बोलू लागली तर ओळखा की ती गेलेली आहे आणि तुम्हीच दोन्ही बाजूंनी बोलताय. वीस मिनिटं पुरेत, मग उठून भांडी घासा. झोप उडायला लागली, ती दिवसाढवळ्या हुकूम सोडू लागली किंवा बाहेरून आवाज आल्यासारखं वाटलं, तर लगेच थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पूर्वी असा त्रास होऊन गेला असेल तर सुरूच करू नका. युंग बुडाला नाही, कारण त्या वर्षांत त्याचे रुग्ण आणि घरदार रोज त्याला वर ओढत होते.

माझं मत विचाराल तर फडकं इतक्यात उचलू नका. तिने "बस" म्हटलंय.

बॅटरीडाऊन | शनिवार, संध्याकाळी ७:००

पहिल्यांदाच सरांशी सहमत.

ओलीवाट | पुढचा रविवार, सकाळी ११:४०

शेवटचं लिहिते, मग धागा खाली जाऊ दे.

म्हातारी पुन्हा आली नाही. बुधवारी एक स्वप्न पडलं, त्यात नुसता दगड होता, ओला. लिहून ठेवलंय.

आज सकाळी आईला घेऊन इथल्या जेट्टीवर गेले होते. पाणी अर्ध्यावर होतं. एक खूप म्हातारी बाई जाळं सांधत बसली होती, खोचलेलं लुगडं, सगळं तसंच. मला राहवेना. आईने तिथी सांगितली, मी मनात तीनाने गुणून चाराने भागलं आणि मोठ्या ऐटीत त्या बाईंना विचारलं, भरती अमुक वाजता ना? त्यांची बोली मला नीट लिहिता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "आता तिथ कोन बगतंय गो बाय? पोऱ्या मोबाईलमदी दावतंय." आणि हाक मारून नातवाला बोलावलं. त्याने स्क्रीन पुढे केला. माझं उत्तर पाऊण तासाने चुकलं होतं.

आई जेट्टीवर बसून अजून हसतेय.